कपाटाच्या दाराआतला कागद: नवरा-बायकोचं लेखी गुंतवणूक धोरण

२३ मार्च २०२०, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला. आमच्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. त्या दुपारी मी माझ्या सगळ्या एसआयपी बंद केल्या. त्याच दुपारी नवऱ्याने बोनसचे उरलेले पैसे शेअरमध्ये घातले. रात्री जेवताना दोघांनी एकमेकांना सांगितलं आणि पंधरा मिनिटं कोणी काही बोललं नाही. पुढे त्याचा निर्णय फायद्याचा ठरला, माझा नाही. पण तो तरी काय ठरवून वागला होता? घर एक, पगार दोन, आणि एकाच दिवशी एक जण विकायला निघाला तर दुसरा घ्यायला.

लेखी धोरण करायला आम्हाला त्यानंतर पाच वर्षं लागली. मी ३४, तो ३६, मुलगी चार वर्षांची, पुण्यात कर्जावर घेतलेला फ्लॅट, साताऱ्याला सासू-सासरे. आकडे आमचेच देते आहे, म्हणजे तुम्हाला तुमचे घालून पाहता येतील. मजकुरापेक्षा तो कसा ठरला हे जास्त उपयोगाचं आहे, म्हणून त्याच क्रमाने सांगते.

आधी मोजदाद

एका रविवारी सगळं बाहेर काढलं. म्युच्युअल फंडांसाठी पॅनवर येणारं एकत्रित खातेपत्रक, पीएफचं पासबुक, पोस्टाची पुस्तकं, एफडीच्या पावत्या. राहता फ्लॅट आणि अंगावरचे दागिने मोजायचे नाहीत असं आधीच ठरवलं, कारण ते आपण विकणार नाही. न विकायच्या गोष्टी यादीत घेतल्या की आपण श्रीमंत असल्याचा भास होतो, तेवढंच.

जे निघालं ते असं. दोघांचा पीएफ १४ लाख २० हजार, पीपीएफ ४ लाख ८० हजार, मुलीचं सुकन्या खातं ३ लाख, बँकांतल्या एफडी साडेसहा लाख, सासऱ्यांच्या गावच्या पतसंस्थेत ३ लाख, म्युच्युअल फंड ११ लाख, नवऱ्याचे शेअर साडेतीन लाख, सोन्याचा ईटीएफ १ लाख. एकूण ४७ लाख.

फंडांच्या योजना चौदा होत्या. त्यांतल्या पाच कधी आणि का घेतल्या, हे दोघांपैकी कोणालाच आठवेना.

मग महिन्याचं. हातात येणारे दोन पगार मिळून १ लाख ६५ हजार. त्यातून गृहकर्जाचा हप्ता ३८ हजार, घरखर्च ६५ हजार, साताऱ्याला १० हजार, आणि विमा, शाळेची फी, दिवाळी अशा वर्षाकाठच्या खर्चांसाठी ७ हजार बाजूला. उरतात ४५ हजार. पीएफ पगारातून आधीच जातो. दोघांचा आणि कंपन्यांचा हिस्सा धरून, पेन्शनकडे जाणारा भाग सोडून, तो महिन्याला १४ हजार भरतो.

ध्येयाला तारीख आणि रक्कम

‘मुलीचं शिक्षण’ हे ध्येय झालं नाही, ते नुसतं मथळ्याचं नाव आहे. ध्येयाला वर्ष लागतं, रक्कम लागते आणि ते पैसे कुठल्या खात्यातून येणार तेही लागतं. आमची चार ठरली.

पहिलं, अडीअडचणीचा निधी. महिन्याचा बांधलेला खर्च हप्त्यासकट १ लाख २० हजार, त्याचे सहा महिने म्हणजे ७ लाख २० हजार. हप्ता यात धरायलाच हवा. नोकरी गेली म्हणून बँक थांबत नाही. साडेसहा लाखांच्या एफडी यातच धरल्या, वरचे ७० हजार पतसंस्थेतल्या ठेवीतून. हा निधी पुढच्या कुठल्याही टक्केवारीत येत नाही.

दुसरं, तीन वर्षांनी गाडी बदलायची. जुनी देऊन वर ४ लाख लागतील असा अंदाज. पतसंस्थेतले उरलेले २ लाख ३० हजार आणि महिना ४ हजार आवर्ती ठेवीत, एवढ्यात ते व्याजासह बसतात. तीन वर्षांत लागणारा पैसा शेअरमध्ये नाही, यावर आमचा वाद झालाच नाही.

तिसरं शिक्षण, आणि इथे आम्ही चांगलेच चुकलो होतो. मुलगी १८ची होईल ती १४ वर्षांनी. आज २० लाख लागणारं शिक्षण दरवर्षी ८ टक्क्यांनी महागलं तर तेव्हा जवळपास ५९ लाख लागेल. सुकन्या खात्यात आत्ता ३ लाख आहेत, महिना ५ हजार जातात. सरकार दर तिमाहीला व्याजदर ठरवतं, आम्ही ८ टक्के धरला. १४ वर्षांनी साधारण २३ लाख होतात. ते सगळेच आम्ही शिक्षणाच्या रकान्यात लिहिले होते. नंतर नियम नीट वाचला. खातं उघडल्यापासून २१ वर्षांनी मुदत संपते, आणि त्याआधी शिक्षणासाठी, मुलगी १८ची झाल्यावर किंवा दहावी पास झाल्यावर, आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. आम्ही खातं तिच्या पहिल्या वाढदिवसानंतर उघडलं, म्हणजे पूर्ण पैसे ती २२ची झाल्यावर. कॉलेजच्या प्रवेशाला हाताशी २३ नव्हे, साडेअकरा लाख.

उरलेल्यासाठी फंडांतले ३ लाख या ध्येयाच्या नावावर टाकले आणि महिना ११ हजारांची एसआयपी लावली. १० टक्के परतावा धरला तर ते ४८ लाखांच्या आसपास जातात. १० धरला, जास्त नाही, कारण शेवटची चार वर्षं ही रक्कम दरवर्षी पाव-पाव करून एफडीत न्यायची असं कलमच आहे. प्रवेशाच्या वर्षी बाजार पडलेला असेल तर त्याच्याशी मुलीचा संबंध नको.

चौथं, निवृत्ती. नवरा ५८चा होईल ती २२ वर्षांनी. तेव्हाचे आकडे कोटींत जातात आणि डोकं चालेनासं होतं, म्हणून आम्ही सगळं आजच्या रुपयांत मांडलं. आज आम्हा दोघांना, हप्ता आणि शाळा वगळता, महिना ६० हजार पुरतील. वर्षाचे ७ लाख २० हजार, त्याच्या तीसपट म्हणजे २ कोटी १६ लाख. या रकान्यात आज पीएफ, पीपीएफ, उरलेले फंड, शेअर आणि सोनं मिळून साडेएकतीस लाख आहेत. दरमहा पीएफचे १४ हजार आणि एसआयपीचे २५ हजार जातात.

४५ हजारांचा हिशेब इथे संपतो: निवृत्ती २५, शिक्षण ११, सुकन्या ५, गाडी ४.

टक्के नाही, रुपये

धोरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य विभागणीचं असतं: शेअर किती, स्थिर व्याजाचं किती. वयाच्या आकड्यावरून हे ठरवायची सूत्रं सगळ्यांना माहीत असतात. आम्ही ती वापरली नाहीत, कारण सूत्राला २३ मार्चची दुपार ठाऊक नसते.

आधी सध्याची स्थिती पाहिली. शिक्षण आणि निवृत्ती हे दोन लांब पल्ल्याचे रकाने मिळून ३७ लाख ५० हजार. त्यांत फंड आणि शेअर साडेचौदा लाख, म्हणजे ३९ टक्के. पीएफ, पीपीएफ, सुकन्या मिळून २२ लाख, ५९ टक्के. उरलेलं सोनं. आजवर नवरा मला म्हणायचा, “आपलं जवळजवळ सगळंच शेअरबाजारात आहे गं.” कारण त्याच्या मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये फक्त फंड आणि शेअर दिसतात. पीएफ दिसत नाही, म्हणून तो नसल्यासारखाच. पगारदार जोडप्यांत ही गफलत फार पाहिली आहे.

मग दोघांनी दोन चिठ्ठ्या घेतल्या आणि एकमेकांना न दाखवता एकाच प्रश्नाचं उत्तर लिहिलं: या साडेसदतीस लाखांतले किती लाख कागदावर गेलेले दिसले, आणि दोन वर्षं परत आले नाहीत, तरी मी झोपू शकेन आणि काही विकणार नाही? त्याने लिहिलं १५ लाख. मी १०.

इथे नियम आधीच ठरवलेला होता: जो आकडा लहान, तो घराचा. सरासरी काढायची नाही. साडेबारा लाखांवर मी झोपणार नाहीच, आणि एकाची झोप उडाली की विकण्याचा आग्रह तिथूनच सुरू होतो. चिठ्ठ्या उघडल्यावर नवरा म्हणाला, “अगं, तू जरा जास्तच घाबरतेस.” मी म्हटलं, “असेल. म्हणून तर लिहितोय ना?”

आता पडझड किती धरायची? २००८च्या जानेवारीत २१ हजारांच्या जवळ असलेला सेन्सेक्स मार्च २००९मध्ये ८,२००च्या खाली बंद झाला, म्हणजे सुमारे ६० टक्के उतरला. २०२०मध्ये निफ्टी दोन महिन्यांत जवळपास ३८ टक्के घसरला. आम्ही ५० धरले. शेअर निम्म्यावर येतील असं मानलं तर माझ्या १० लाखांच्या मर्यादेत २० लाखांचे शेअर बसतात. साडेसदतीस लाखांत ते होतात ५३ टक्के. त्यावरून कलम असं लिहिलं:

> लांब पल्ल्याच्या पैशांत शेअर आणि शेअरचे फंड मिळून ५० टक्के. ४५च्या खाली नाही, ५५च्या वर नाही. सोनं ५ टक्क्यांपर्यंत. बाकी सगळं स्थिर व्याजाचं.

५५ टक्के शेअर निम्म्यावर आले तर एकूण रक्कम साडेसत्तावीस टक्क्यांनी घटते. माझे १० लाख म्हणजे जवळपास तेवढेच. पुढे रक्कम वाढेल तशी रुपयांतली मर्यादाही वाढेल, म्हणून दर तीन वर्षांनी चिठ्ठ्या पुन्हा लिहायच्या.

माझ्या लहान आकड्याची किंमतही काढून पाहिली, ते न्यायाचं होतं. महागाईच्या वर शेअर ५ टक्के आणि स्थिर व्याज दीड टक्का देईल असं धरलं, तर निम्म्या-निम्म्या विभागणीला सव्वातीन टक्के मिळतात. हप्ता दरवर्षी महागाईइतका वाढवत नेला, तर २२ वर्षांनी आजच्या रुपयांत ढोबळमानाने २ कोटी ११ लाख होतात. लक्ष्याला ५ लाख कमी. शेअर ६० टक्के असते तर ३.६ टक्क्यांनी २ कोटी २२ लाख. म्हणजे माझी झोप आम्हाला ११ लाखांना पडते, आणि लक्ष्यापर्यंतची तूट भरून काढायला एसआयपी महिना दीड हजाराने वाढवावी लागते. पुढच्या पगारवाढीत ते करायचं ठरलं. हे गणित मांडल्यावर त्याचा विरोध गळाला. जोखमीवर तत्त्वाचा वाद घालत बसलो असतो तर अजून चालला असता.

अडकलेला पैसा

बहुतेक नमुना धोरणांत एक वाक्य असतं: बाजार पडला की स्थिर व्याजातले पैसे काढून शेअर घ्या आणि टक्केवारी जागेवर आणा. आमच्यासारख्यांनी हे वाक्य जसंच्या तसं उतरवलं तर ते पाळता येणार नाही. आमच्या २२ लाखांतले पैसे मनात येतील तेव्हा आणि हवे तेवढे काढता येत नाहीत. पीएफमधून पैसे काढायला सरकारचे नियम आणि मर्यादा आहेत, पीपीएफची मुदत १५ वर्षांची आणि त्याआधी मर्यादित रक्कमच निघते, सुकन्याचं वर सांगितलंच. अडीअडचणीच्या निधीला तर हात लावायचाच नाही. मग विकत घ्यायला पैसे आणणार कुठून?

म्हणून आमच्या कागदावर दोन दिशांना दोन वेगळे नियम आहेत.

शेअर ५५च्या वर गेले तर विकून ५०वर आणायचे. समजा एखाद्या वर्षी लांब पल्ल्याची रक्कम ६० लाख आहे आणि त्यात शेअर ३५ लाख. ५८ टक्के झाले. ३० लाखांवर यायला ५ लाखांची युनिट विकावी लागतील. ती वर्षापेक्षा जुनी असावीत. शेअर आणि शेअरच्या फंडांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातला वर्षाला सव्वा लाख रुपयांपर्यंतचा भाग करमुक्त आहे, त्यापुढच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर. ही सवलत प्रत्येकाला वेगळी, म्हणून निम्मी विक्री त्याच्या नावातून, निम्मी माझ्या. ५ लाखांच्या विक्रीत नफा २ लाख असेल तर दोघांचा मिळून कर शून्य. इथे एक खाचखळगा आहे. नवऱ्याने बायकोला पैसे दिले आणि तिने ते गुंतवले, तर त्याचं उत्पन्न करासाठी नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवतात. म्हणून प्रत्येकाची एसआयपी ज्याच्या-त्याच्या पगाराच्या खात्यातून जाते आणि घरखर्चाचं खातं तिसरं आहे.

शेअर ४५च्या खाली गेले तर काही विकायचं नाही. एसआयपी चालू ठेवायची आणि त्या वर्षाचा बोनस शेअरच्या फंडात टाकायचा. बस. आणि पीपीएफ चालू राहण्यापुरते वर्षाला ५०० रुपये भरायचे, जास्त नाही. पुढे स्थिर व्याजात वाढ करायचीच झाली तर ती मोडता येणाऱ्या एफडीत करायची, म्हणजे पुढच्या मोठ्या पडझडीला हातात काहीतरी सुटं असेल.

३९वरून ५०वर यायलाही घाई केली नाही. नव्या पैशांतले महिना ३६ हजार शेअरकडे जातात, १९ हजार पीएफ आणि सुकन्याकडे. बाजार हलला नाही असं मानलं तर ५० टक्के गाठायला चार वर्षांहून थोडं जास्त लागतं. ४५ची खालची सीमा तोवर लागू नाही, असं कागदावर लिहिलं. नाहीतर पहिल्याच दिवशी आपणच आपला नियम मोडलेला असता.

मर्यादा: ज्यांना नाव आहे त्या

‘जोखीम मर्यादित ठेवावी’ हे वाक्य कोणालाच अडवत नाही. मर्यादा अशी हवी की दोघांपैकी कोणीही पासबुक उघडून ती पाळली की मोडली हे सांगू शकेल.

आमची सगळ्यात अवघड मर्यादा पतसंस्थेची होती. सासऱ्यांची तिथे चाळीस वर्षांची ओळख. दिवाळीच्या आधी १ लाखाची ठेव मोडायला गेलो तर “महिनाभर थांबा, आत्ता जरा ओढाताण आहे” असं उत्तर मिळालं. पैसे पुढे मिळाले. पण बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला व्याजासह ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, तसं ते पतसंस्थेला नाही. सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १ हजार रुपये काढता येत होते, आणि तेव्हा विमाही १ लाखाचाच होता. ती तर रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची बँक. म्हणून कलम असं: पतसंस्थेत नवी ठेव नाही, आहेत त्या मुदत संपेल तशा बँकेत आणायच्या. आणि कुठल्याही एका बँकेत एकाच्या नावावर व्याजासह ५ लाखांच्या आतच. सासऱ्यांना हे कोणी सांगायचं, तेही ठरवलं. त्यांच्या मुलाने.

दुसरी मर्यादा नवऱ्याच्या शेअरची. साडेतीन लाखांतले २ लाख त्याच्याच कंपनीचे आहेत. कंपनीवर वाईट वेळ आली तर पगार आणि शेअर एकाच आठवड्यात जातील. म्हणून कुठल्याही एका कंपनीत ३ टक्क्यांहून जास्त नाही, थेट शेअर सगळे मिळून ८ टक्क्यांहून जास्त नाहीत. त्यासाठी त्याला स्वतःच्या कंपनीचे साधारण ९० हजारांचे शेअर विकावे लागले. एका कलमावर तो तीन दिवस धुसफुसत होता ते हेच.

फंड चौदावरून दोनवर आणायचे: एक निफ्टी ५० इंडेक्स फंड, एक फ्लेक्सिकॅप. सगळे एका फटक्यात विकले तर कर लागतो, म्हणून दरवर्षी दोघांच्या करमुक्त नफ्यात बसतील तेवढेच.

फ्युचर्स-ऑप्शन्स शून्य. सेबीनेच २०२४मध्ये सांगितलं की तीन वर्षांत त्यात उतरलेल्या दहा व्यक्तींपैकी नऊहून जास्त तोट्यात होत्या. त्यावर चर्चा करायला वेळ लागला नाही.

राहिली उसनवार, आणि हे कलम मला कुठल्याच नमुन्यात सापडलं नाही. नातेवाइकांना वर्षाला मिळून १ लाखापर्यंत, दोघांच्या संमतीने, आणि परत येणार नाहीत असं धरून. भाऊ असो की दीर. त्याहून जास्त मागितले तर “आमच्या घरात तसा कागद आहे” एवढं म्हणता येतं, आणि खरंच म्हणता येतं.

या सगळ्याबाहेर प्रत्येकाला महिना ३ हजार खिशाला, घरखर्चातूनच. त्यात त्याने हवे ते शेअर घ्यावेत, मी पैठणीसाठी साठवावेत. त्यावर प्रश्न विचारायचा नाही. ही फट ठेवली नसती तर बाकीचा कागद सहा महिने टिकला नसता.

१ मे आणि २ ऑक्टोबर

आढाव्याची तारीख आम्ही ३१ मार्चला मुद्दाम ठेवली नाही. तेव्हा कर वाचवण्याची घाई असते आणि घाईतच नको त्या पॉलिसी गळ्यात पडतात. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी, एप्रिलची पगारवाढ कळलेली असते. २ ऑक्टोबरलाही सुट्टी. दोन्ही दिवशी शेअरबाजार बंद असतो, म्हणजे भांडून लगेच काही विकताही येत नाही.

१ मेचा आढावा मोठा, दोन तासांचा. सगळ्या शिलकी एका पानावर, चार ध्येयांच्या रकान्यांत. शेअरची टक्केवारी काढायची. पीएफचं व्याज जमा व्हायला उशीर झालेला असतो, ते जसं दिसतं तसंच घ्यायचं. एसआयपी किमान ६ टक्क्यांनी वाढवायची. मर्यादा एकेक करून तपासायच्या. शेवटी कलमांत बदल हवा का ते पाहायचं. बदलाला मान्य कारणं आम्ही लिहून ठेवली आहेत: नोकरी जाणं किंवा बदलणं, दुसरं मूल, मोठं आजारपण, घर विकणं-घेणं, वारसाहक्काने पैसे येणं. बाजार वर आहे, खाली आहे, कोणाच्या तरी साडूने काय केलं, हे त्या यादीत नाही. आणि झालेला बदल लागू होतो १ जूनला. तो महिना आम्हीच आमच्यापासून संरक्षण म्हणून ठेवलाय.

२ ऑक्टोबरला फक्त टक्केवारी आणि मर्यादा, वीस मिनिटं.

मधल्या काळात २५ हजारांहून मोठी कुठलीही नवी गुंतवणूक करायची तर दुसऱ्याला सांगून दोन रविवार थांबायचं. दोन रविवारांनंतरही दुसरा नाही म्हणाला तर नाही.

कागदाची मागची बाजू

पुढच्या बाजूला धोरण, मागच्या बाजूला खात्यांची यादी: कुठे, कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण. पासवर्ड नाहीत. ही बाजू भरताना कळलं की माझ्या पहिल्या नोकरीच्या पीएफवर अजून माझे वडील नॉमिनी होते. एफडी ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा कराव्यात. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, शेअरच्या बाबतीतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणजे मृत्युपत्र वेगळं करावंच लागतं. त्याचा टर्म विमा १८७४च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली घेतला, म्हणजे ती रक्कम मला आणि मुलीलाच मिळते, कर्ज देणारे तिच्यावर हक्क सांगू शकत नाहीत. पॉलिसी घेतानाच हे नमूद करावं लागतं, नंतर नाही. नवऱ्याची जुनी पॉलिसी तशी नव्हती, म्हणून नवी घेतली आणि ती हातात आल्यावरच जुनी सोडली.

कागद दोन सह्यांचा, कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला. पहिल्या २ ऑक्टोबरला मुलगी चित्रं रंगवत बसली होती आणि आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर. शेअर ४१ टक्के. पतसंस्थेतली १ लाखाची ठेव मुदतीनंतर बँकेत आली होती, ती खूण केली. त्याच्या कंपनीचा शेअर आम्ही विकल्यापासून १२ टक्के वर गेला होता, ते त्याने मला सांगितलं, आणि वहीत लिहायचं नाही हेही त्यानेच म्हटलं. अठरा मिनिटं लागली. करायच्या कामांपुढे मी लिहिलं: काही नाही. त्याने खाली सही केली आणि पोहे परतायला उठला.